पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून

आपल्याकडे बाई गरोदर राहिली की ‘तिला दिवस गेले’ म्हणतात. नेमके किती दिवस गेले, हे मात्र कुणी मोजत नाही. सासू महिन्यांत मोजते, नवरा अंदाजाने, आणि बाई स्वतः पाळी चुकल्यापासून. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. या दोन मोजण्यांत चार आठवड्यांचा फरक पडतो हे मला दोन मुलं होऊनही धड माहीत नव्हतं. ते २०२४ च्या दिवाळीत माझ्या धुळ्याच्या मावसबहिणीमुळे कळलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव सांगत नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर. मी जळगावला फराळाच्या गडबडीत होते आणि तिचा फोन आला. आधी चकल्यांचं विचारलं, मग आवाज खाली आला. “ताई, दिवस गेलेत. दोन पोरं आहेत, तिसरं नको. साडेतीन आठवडे झालेत फक्त. भाऊबीज झाली की दहा तारखेच्या आसपास येते तुझ्याकडे, एखादी डॉक्टर बघून ठेव.”

साडेतीन आठवडे कसे मोजले, असं मी विचारलं. पाळी एक ऑक्टोबरला यायला हवी होती, तिथून. घट बसले तेव्हा पाळी आली नाही म्हणून ती उलट खूश होती, यंदा नऊ दिवस अडचण नाही म्हणून. मी त्याच्या आधीची पाळी विचारली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी ती पेनाने टिंब काढते. टिंब तीन सप्टेंबरला होतं. “हो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पुरणपोळ्या केल्या आणि सकाळी बसले.”

मी ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन करून या दोन तारखा सांगितल्या. त्यांनी फोनवरच हिशोब केला. आज ५४ दिवस, म्हणजे सात आठवडे आणि पाच दिवस. गोळ्यांनी गर्भपात करायची मर्यादा नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. ती पाच नोव्हेंबरला संपते. भाऊबीज तीनला होती. दहा तारखेला आली असती तर ६८ दिवस झाले असते.

६३ दिवस उलटले म्हणजे सगळे रस्ते बंद होतात असं नाही. कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत. पण घरी गोळ्या घेऊन उरकण्याचा रस्ता नऊ आठवड्यांनंतर मिटतो. गर्भ जसा वाढतो तसा रक्तस्राव वाढतो, गोळ्यांनी काम अर्धवट राहण्याची शक्यताही वाढते. मग मान्यताप्राप्त दवाखान्यातच जावं लागतं. नणंद, सासू, दोन पोरं आणि दिवाळी सांभाळून तिला ते कसं जमलं असतं, मला माहीत नाही.

तिच्या नवऱ्याने आधी एक प्रयत्न करून पाहिला होता. औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या, तर दुकानदाराने मान हलवली: “ते आम्ही ठेवतच नाही.” यात काही नवल नाही. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध मोहीम २०११-१२ च्या सुमारास जोरात आली, तेव्हा या गोळ्यांच्या नोंदींवर सरकारची नजर इतकी कडक झाली, की झंझट नको म्हणून अनेक दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. मला हा राग नेहमी येतो. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसायला साधारण बारा-तेरा आठवडे लागतात. गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतल्या. लिंगनिदान करून मुलगी पाडणाऱ्याला या गोळ्यांचा उपयोग शून्य, आणि त्या मिळत नाहीत म्हणून हाल मात्र भलत्याच बायकांचे. चिठ्ठी लागतेच, आणि लागायलाही हवी. पण चिठ्ठी घेऊनही वणवण का?

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने ती पारोळ्यावरून जळगावला आली. घरी सांगितलं, ताईकडे दिवाळीच्या खरेदीला जाते. नवऱ्याला खरं माहीत होतं. दवाखान्यात तिचा पहिला प्रश्न हाच होता, की नवऱ्याची सही लागेल का. लागत नाही. बाई अठरा वर्षांची झाली की ‘फॉर्म सी’वर फक्त तिचीच सही. ती लग्नाची आहे की नाही, यानेही आता फरक पडत नाही.

बाईंनी सोनोग्राफी केली ती दोन गोष्टींसाठी. एक, दिवस जुळतात का: आठ आठवडे एक दिवस आले, म्हणजे पोळ्याचा हिशोब बरोबर होता. आणि दुसरं, गर्भ पिशवीतच आहे ना. तो नळीत असेल तर या गोळ्या काहीच करत नाहीत; बाईला वाटतं काम झालं, आणि नळी आतल्या आत फुटते. तांबी बसवलेली आहे का, हे विचारलं, कारण ती आधी काढावी लागते. रक्त पातळ करायची गोळी किंवा बरेच महिने स्टेरॉइड चालू आहे का, तेही. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाई म्हणाल्या, आठच्या खाली असतं तर घरी पाठवलं नसतं. रक्तगट पॉझिटिव्ह होता, म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन लागलं नाही.

पाकिटात पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅम. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची वाट ती अडवते. ती तिथेच, बाईंसमोर, पाण्याबरोबर घेतली. अर्ध्या तासात उलटी झाली तर परत घ्यावी लागते, म्हणून थोडा वेळ बसवलं. त्या रात्री काहीच झालं नाही. मंगळवारीही नाही, आणि मग धनत्रयोदशीला दिवे लावता लावता ती मला विचारायला लागली, “ताई, गोळी लागू पडली नाही का?” पहिल्या गोळीने बहुतेकींना फारसं काही जाणवत नाही. ‘नाहीच लागली’ म्हणून इथेच सोडून देणं ही मोठी चूक असते.

उरलेल्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. मुळात पोटातल्या अल्सरसाठी निघालेलं हे औषध. त्याने पिशवी आकुंचन पावते. बुधवारी दुपारी, ४८ तासांनी, तिने दोन गोळ्या एका गालात आणि दोन दुसऱ्या गालात धरल्या. अर्धा तास बोलायचं नाही, मग उरलेला चुरा पाण्याने गिळायचा. आयब्युप्रोफेन त्याआधीच दिली होती. बाईंची अट एकच होती: त्या रात्री धुळ्याला जायचं नाही, दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांत पोचता येईल अशा घरी राहायचं, आणि सोबत कुणीतरी जागं हवं. ते जागं माणूस मी.

दोन तासांनी पोटात कळा सुरू झाल्या. तीन तासांनी अंगावरून जायला लागलं, आणि पाळीसारखं नव्हे, त्याहून बरंच जास्त; लिंबाएवढ्या गाठीसुद्धा. मग थंडी वाजून आली. दोन गोधड्या अंगावर घालून ती म्हणाली, “ताई, माले भ्याव लागी रायनं.” एरवी ती माझ्याशी अहिराणी बोलत नाही, घाबरली की बोलते. ताप १००.८.

भीती मलाही वाटत होती, पण बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं आणि मी तो कागद फ्रिजवर लावला होता. थंडी-ताप गोळ्या घेतलेल्या दिवशी येतो, तो गोळीचा. दुसऱ्या दिवशीही १००.४ च्या वर राहिला, किंवा एकदा उतरून परत चढला, तर तो जंतुसंसर्गाचा, तेव्हा यायचं. रक्ताचं माप पॅडने घ्यायचं. मोठे पॅड एका तासात दोन पूर्ण भिजले, आणि त्याच्या पुढच्या तासातही दोन पूर्ण भिजले, तर कितीही वाजलेले असोत, निघायचं. मी वहीत वेळा लिहायला लागले. सात ते आठ, दोन पॅड. मी रिक्षावाल्याचा नंबर काढून ठेवला. आठ ते नऊ, एक. नऊ ते दहा, अर्धा. दहानंतर तिला झोप लागली. सकाळी ताप नव्हता.

कागदावर उलट बाजूचंही लिहिलेलं होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण कमी रक्त गेलं की बायका खूश होतात. चार गोळ्यांनंतर चोवीस तासांत अंगावरून गेलंच नाही किंवा नुसता डाग लागला, तर काम झालेलं नाही असं समजून परत जायचं. एका बाजूला पोटात सतत दुखतंय, खांद्यात कळ येते, चक्कर येते, तर लगेच. तो नळीतल्या गर्भाचा इशारा असू शकतो. आणि घाण वास येणारं पाणी जात असेल तरी. आमच्या जुन्या वाड्यात एका बाईंनी कुणाकडून तरी गोळ्या आणून घेतल्या होत्या. तीन आठवडे अंगावरून जात होतं, वास येत होता, आणि त्या ‘साफ होतंय’ म्हणत राहिल्या. शेवटी ताप डोक्यात गेला तेव्हा दवाखान्यात नेलं. त्यांच्याजवळ असा कागद नव्हता.

गुरुवारी नवरा येऊन तिला घेऊन गेला. लक्ष्मीपूजनाला सासूने तिला बाजूला बसवलं, पाळी आली म्हणून. ती म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दिवाळीत विश्रांती मिळाली.

मग आठ नोव्हेंबरला परत फोन, रडत. पट्टीवर अजून दोन रेघा येताहेत. तिने स्वतःच दुकानातून पट्टी आणली होती. लघवीत ते संप्रेरक तीन-चार आठवडे राहू शकतं, त्यामुळे इतक्या लवकर केलेल्या तपासणीला अर्थ नसतो. मळमळ थांबली का? थांबली. छाती दुखायची राहिली का? राहिली. हे जास्त खरं. शंभरात दोन-चार जणींचं काम गोळ्यांनी पूर्ण होत नाही, आणि एखादीचा गर्भ वाढतच राहतो. तसं झालं तर पुढे ठेवण्यात मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंगाचा धोका असतो. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून तपासणी चुकवायची नसते.

अकरा तारखेला, पंधराव्या दिवशी, ती आली. डाग अजून लागत होता. सोनोग्राफीत गर्भ नव्हता, अस्तर जरा जाड होतं, आणि रिपोर्टवर आर.पी.ओ.सी., म्हणजे काही अवशेष असावेत, असं लिहिलं. हे वाचून तिचा चेहरा उतरला, कारण तिला माहीत होतं की पुढची पायरी ‘पिशवी धुणं’. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. ताप नाही, दुखत नाही, रक्त कमी होत चाललंय. मग नुसत्या जाड अस्तरासाठी क्युरेटिंग करायचं नाही, पुढच्या पाळीत ते निघून जातं. रिपोर्टवर नव्हे, बाईवर उपचार करायचे, असं त्या पुटपुटल्या. उगाच केलेली किती क्युरेटिंगं या एका ओळीमुळे होत असतील, हा माझा विचार.

तांबी मात्र तिने त्याच दिवशी बसवून घेतली. गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही बीज सुटू शकतं, पाळीची वाट बघत बसलं तर परत तेच, हे ऐकल्यावर तिने घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, दोनच्या बसच्या आधी होईल का.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला: ‘आली. टिंब काढलं.’