नव्वदच्या स्पीडची थरथर

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर महिन्याला तिला साताऱ्याहून पुण्याला तपासणीसाठी आणावं लागतं. ती मागच्या सीटवर, कमरेखाली उशी घेऊन. गाडी ऐंशीच्या वर गेली की ती म्हणायची, "सुरू झालं बघ." पंच्याऐंशी ते पंच्याण्णवच्या दरम्यान सीटमधून बारीक थरथर यायची, शंभरला पुन्हा कमी व्हायची. शेवटी मी सत्तरनेच चालवायला लागले.

तीन ठिकाणी व्हील बॅलन्सिंग केलं. तिन्ही मशीनवर शून्य आलं. अलाइनमेंटही झालं. एका वर्कशॉपने तर पुढच्या सस्पेन्शनचा चांगलाच मोठा अंदाज हातात ठेवला. मी पैसे भरायच्या बेतात होते.

टायरचं काम करणाऱ्या एका काकांनी मात्र आधी एक प्रश्न विचारला. "ताई, स्टिअरिंग हलतं का सीट?"

"सीट."

"मग पुढे कशाला शोधताय?" थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुतेकदा दोष पुढच्या चाकांत असतो, सीटमध्ये जाणवली तर मागच्या. इतकी साधी गोष्ट मला तोवर कोणी विचारली नव्हती.

बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं आणि वजन सगळीकडे सारखं वाटलं गेलंय का, एवढंच बघतं. चाक गोल आहे का, हे साधं मशीन बघत नाही. जात्याची मधली खुंटी जरा बाजूला बसली असेल तर पाळी कितीही समतोल असली तरी ती डगमगतच फिरणार. चाकाचंही तसंच. माझ्या गाडीचं चाक नव्वदच्या वेगाला सेकंदाला साधारण १३ फेरे घेतं. टायरवर एक उंच जागा असेल, तर गाडीला सेकंदाला १३ धक्के बसतात. वजनं चिकटवून ती उंची जात नाही.

मोजमापाआधी काकांनी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायला लावली, कारण रात्रभर उभ्या गाडीचा टायर खालून थोडा चपटा होतो आणि खोटं माप देतो. मग मागची बाजू जॅकवर. टायरच्या कडेची, रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसतेय का ते बघितलं. ती कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेलाच नसतो आणि पुढचं सगळं व्यर्थ. माझी रेघ ठीक होती. मग त्यांनी डायल गेजचं टोक टायरच्या मधोमध टेकवलं आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. या चढउताराला रनआउट म्हणतात (क्रिकेटमधला नव्हे). उजवं चाक ०.६ मिलिमीटर. डावं १.६. सर्वांत उंच जागेवर त्यांनी खडूची खूण केली.

मग टायर उतरवून नुसती रिम मोजली. तीही टायर जिथे बसतो त्या आतल्या पट्टीवर, दोन्ही कडांना. बाहेरची कड फुटपाथला घासून वाकडी झालेली असू शकते, म्हणून ते माप धरायचं नाही. रिममध्ये ०.७ निघाले. म्हणजे टायरचे स्वतःचे साधारण ०.९. दुर्दैव असं, की दोघांच्या उंच जागा एकावर एक आल्या होत्या. बेरीज १.६.

उपाय वजाबाकीचा. टायरची उंच जागा रिमच्या सखल जागेवर आणायची. काही नव्या टायरांवर त्यासाठी लाल ठिपका असतो आणि काही रिमांवर सखल जागेची खूण. पिवळा ठिपका वेगळा, तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हसमोर ठेवतात. दोन्ही ठिपके असले तर लाल आधी, वजनाचं नंतर बघता येतं. माझ्या टायरवरचे ठिपके कधीच धुऊन गेले होते, म्हणून हा खडूचा उद्योग. गेज नसेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बघतात, पण ते अंदाजाचं काम.

साबणाचं पाणी लावून टायर पुन्हा चढवला, हवा भरली, पुन्हा मोजलं. हिशेबाने ०.२ यायला हवं होतं, आलं ०.४. खुणा काही अगदी समोरासमोर नसतात. पुन्हा बॅलन्सिंग केलं, तर आधी ३५ ग्रॅम लागायचे तिथे ५० लागले. मला वाटलं, बिघडलंच.

"वजन वाढलं म्हणून काय झालं?" काका म्हणाले. "गोल तर झालं ना!"

हे प्रत्येक चाकाला लागू पडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. खड्ड्यात आपटून रिम चेपली असेल किंवा टायरमधली तार सुटून फुगा आला असेल, तर टायर कितीही फिरवा, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. चाकाला समोरासमोर दोन उंचवटे असतील तरीही ही वजाबाकी जमत नाही.

पुढच्या महिन्यात शिरवळ सोडल्यावर मी हळूच नव्वद गाठले. मागून काहीच आवाज नाही. आरशात बघितलं, तर आई उशीला डोकं टेकून झोपली होती.