तेरावा चिंचोका

वाचकहो, शाळेच्या क्रीडादिनाची आठवण काढली की तुमच्या डोळ्यांसमोर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, लिंबू-चमचा आणि पोत्यात पाय घालून उड्या मारणारी मुले उभी राहतील. मला मात्र एक पाटी आठवते. त्या पाटीवर नऊ अधिक सहा एवढेच लिहिले होते आणि तिच्यासमोर पहिलीतील एक मुलगी उभी होती. तिच्या मागून अवघे मैदान ओरडत होते, ‘लवकर, लवकर!’ ती शर्यत मी आखली होती.

आमची शाळा सातवीपर्यंतची आणि लहान होती. एकेका वर्गातून संघ उभे राहण्याइतकी मुलेच नसत. म्हणून मी चार-चार मुलांचे मिश्र संघ केले. प्रत्येक संघात पहिली-दुसरीचे एक मूल होते, तिसरी-चौथीचे एक, पाचवीचे एक आणि सहावी-सातवीचे एक. चाळीस मीटर धावायचे, टेबलावरील आपापल्या इयत्तेचे गणित सोडवायचे, परत येऊन लाकडी रूळ पुढच्याच्या हाती द्यायचा. सर्वांत लहान मूल शेवटी धावले तर पाहणाऱ्यांना कौतुक वाटेल, म्हणून त्याला शेवटची फेरी दिली. प्रत्येकाला झेपेल एवढेच काम दिले आहे, या समाधानात मी शिट्टी वाजवली.

पुढे काय झाले ते तुम्ही ताडले असेल. तिच्या संघातील मोठ्या मुलांनी चांगली आघाडी घेतली होती. ती धावत आली, धापा टाकत पाटीसमोर थांबली आणि तिला काहीच सुचेना. वर्गात तीच बेरीज ती बोटांवर सहज करीत असे. तिने काहीतरी लिहिले, तळहाताने पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. दोन मिनिटांहून अधिक काळ ती तशीच उभी राहिली. बाकीचे तिन्ही संघ परतले, तेव्हा ती रडत होती. त्यानंतर कित्येक दिवस वर्गात मी जवळ गेलो की ती पाटीवर हात आडवा धरी.

त्या रात्री मी कागदावर शर्यतीचा हिशेब मांडला आणि माझी चूक मला दिसली. चाळीस मीटर जाऊन येण्यात एकाच वयाच्या दोन मुलांमध्ये फार तर तीन-चार सेकंदांचे अंतर पडते. विचार करण्याचे तसे नसते. एकाला दहा सेकंद लागतात, दुसऱ्याला दोन मिनिटे. धावणे आणि विचार एकापुढे एक ओवले की निकाल धावण्यावर लागतच नाही. जिथे कोणी अडले, त्या एका टेबलावर तो लागतो. आणि ते टेबल शेवटच्या फेरीचे असेल, तर पराभवाचा सगळा भार एका सहा वर्षांच्या जिवावर येऊन पडतो.

उपाय सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बायथलॉन नावाचा खेळ असतो. खेळाडू बर्फावरून घसरपट्ट्यांवर धावत येतो आणि धाप लागलेली असतानाच बंदुकीने पाच लक्ष्ये टिपतो. त्याच्या सांघिक शर्यतीत पाच लक्ष्यांसाठी आठ गोळ्या मिळतात. तरीही जितकी लक्ष्ये उरतील, तितक्या वेळा दीडशे मीटरचे दंडवर्तुळ पळावे लागते. नेम साधेपर्यंत तिथे कोणाला खिळवून ठेवत नाहीत. चुकीची किंमत ठरलेली असते आणि ती पायांनी फेडता येते.

पुढच्या वर्षी मी तोच नियम मैदानावर आणला. टेबलाशी जास्तीत जास्त चाळीस सेकंद थांबायचे. उत्तर चुकले तर वेळ संपेपर्यंत पुन्हा प्रयत्न करायचा. वेळ संपली की पंच मुकाट्याने लाल झेंडी वर करतील, मूल परत येईल आणि लिंबाच्या झाडाभोवती आखलेली साठ मीटरची फेरी संघातून कोणीही एकाने पळायची. ती पूर्ण झाली की रूळ पुढे जाईल. बायथलॉनमध्ये ज्याचा नेम चुकतो त्यालाच पळावे लागते. इथे मी ते मुद्दाम बदलले.

या नियमातही एक फट होती. सुरुवातीला चुकीच्या उत्तराला लगेच दंड द्यायचा, असे मी ठरवले होते. सरावात एका सातवीतल्या मुलाने आपल्या धाकट्या सोबत्याला सांगितलेले मी ऐकले, ‘काहीही टाक, मी पळतो.’ त्याचा हिशेब चोख होता. फेरीला त्याला पंधरा सेकंद लागत आणि धाकट्याला विचाराला तीस. दंड कामापेक्षा स्वस्त झाला की विचार करणे हा मूर्खपणा ठरतो. म्हणून दंड चाळीस सेकंद संपल्यावरच, असा नियम केला.

फेऱ्यांचा क्रमही उलटा केला. सर्वांत लहान मुले पहिल्या फेरीत आली. चारही टेबलांशी एकाच वेळी एकाच वयाची मुले असल्याने कोणा एकाकडे सर्वांची नजर वळत नाही, आणि मागे पडलेल्या संघासमोर अजून तीन फेऱ्या असतात. त्यांचे अंतर वीस मीटर केले. पाटीऐवजी चिंचोके ठेवले, कारण धाप लागलेली असताना हातांनी मोजणे मनात मोजण्यापेक्षा सोपे जाते. चिठ्ठ्यांवर मी नऊ अधिक तीन, आठ अधिक चार, सात अधिक पाच आणि सहा अधिक सहा अशा बेरजा लिहिल्या होत्या. सारख्या अवघड वाटतात ना? आमच्या शाळेतील बाईंनी त्या पाहिल्या आणि हसून म्हणाल्या, ‘गुरुजी, चौघांचेही उत्तर बाराच. शेजारचा ढीग पाहिला की झाले!’ मग सहा, सात, आठ आणि नऊ या प्रत्येकात पाच मिळवायचे ठरले.

तिसरी-चौथीला विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचा होता, पाचवीला दुकानाच्या बिलावरून परत मिळणारे पैसे काढायचे होते आणि मोठ्यांना गाडी सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांतील अंतर. टेबलावरून परतताना प्रत्येकाने एक शब्दचिठ्ठी आणायची, मग उत्तर बरोबर असो वा नसो. शेवटी चौघांनी मिळून म्हण लावायची. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ किंवा ‘नाव मोठे लक्षण खोटे’ अशा चार शब्दांच्या म्हणी मी निवडल्या होत्या. धाकट्याची चिठ्ठी नसेल तर सातवीच्या मुलाचीही म्हण पुरी होत नसे.

ती मुलगी आता दुसरीत होती. नाव देऊ का, असे तिला विचारण्याचे धैर्य मला होईना. तिनेच दिले. तिच्या वाट्याला आठ अधिक पाच आले. ती मोजत होती, मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. झेंडी वर झाली तेव्हा काम अपुरेच होते. ती चिठ्ठी घेऊन परतली, आणि तिच्या संघातील सातवीची मुलगी काही न बोलता लिंबाकडे धावली. धाकटी रेषेवर उभी राहून तिची फेरी पाहत होती. त्या संघाचा तिसरा क्रमांक आला.

त्यांची शर्यत जिंकण्यासारखी करणे मला साधले, असे मी म्हणणार नाही. पंचावन्न सेकंदांची सर्वांत वाईट फेरी आणि वीस सेकंदांची चांगली फेरी यांतील अंतर उरलेल्या तिघांना केवळ धावून भरून काढता येत नाही. दुसऱ्या कोणत्या तरी संघावरही झेंडी उठावी लागते. विचार न अडता करणाऱ्या संघाचे पारडे अजूनही जड राहते.

पण संध्याकाळी मी टेबले आवरत असताना ती आली. चिंचोक्यांच्या डब्यात हात घालून तिने एक उचलला आणि माझ्यापुढे धरला.

‘गुरुजी, बारा झाले होते माझे. हा एकच राहिला होता.’