चंद्राचा रकाना

आमच्या वाड्यातल्या थोरल्या मुलांनी दात घासायला सुरुवात केली ती बोटाने. मोरीत ओळीने बसायचं, तळहातावर चिमूटभर काळी पूड घ्यायची, समोरचे दात खसाखसा चोळायचे आणि चूळ भरून मोकळं व्हायचं. दाढांपर्यंत बोट पोचायचंच नाही. आजीच्या मिश्रीच्या डबीला मात्र हात लावायची बंदी होती; भाजलेला तंबाखूच तो. ब्रश घरात आला धाकट्या भावंडांच्या बालवाडीतून.

बालवाडीच्या बाईंनी मुलांना गाणं शिकवलं आणि आठवड्याभरात ते साऱ्या घराला पाठ झालं:

वरचे दात वरून खाली,
खालचे दात खालून वर,
दाढा घास मागे-पुढे,
जिभेवरून हात हलका धर.

एकेक ओळ सगळे दात होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायची. घड्याळ लावलं तर दोन मिनिटं भरत. पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढीच, कारण ते थुंकत नाही, गिळतं. ब्रश हिरड्यांकडे किंचित तिरपा धरायचा. घासताना दाबायचा नाही.

पण मुलं गाण्याबरहुकूम वागतात, आणि गाण्यात आतली बाजू नव्हती. काकूने एकदा धाकट्याला उजेडात आ करायला लावलं. बाहेरून दात लख्ख, आणि खालच्या दातांच्या मागे, हिरडीलगत पिवळसर मऊ थर. मग काकूनेच ओळ जोडली: ‘आतली बाजू राहिली का, बघ जरा वाकून.’ तेव्हापासून पोरांनी आधी घासायचं आणि नंतर मोठ्यांपैकी कुणीतरी मागे उभं राहून, पोराचं डोकं पोटाशी टेकवून ब्रश फिरवायचा, असा नेम पडला. सात-आठ वर्षांपर्यंत हाताला तेवढी सफाई येत नाही, हे मला फार नंतर कळलं. काकूला ते तेव्हाच दिसलं होतं.

बाईंनी घरी लावायला तक्ताही दिला होता. आठवड्याचे सात वार, प्रत्येक वाराला एक सूर्य आणि एक चंद्र; दात घासले की रंग भरायचा. सूर्य भराभर पिवळे झाले. चंद्र कोरेच. रात्री घासणं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घासलं तरी त्यावर साखर घातलेलं दूध पिऊन पोरं झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवरची साखर धुतली जात नाही आणि रात्रभर कीड पोसते. आईने दुधाची वेळ जेवणाबरोबर आणली, दुधानंतर ब्रश, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. हळूहळू चंद्र निळे होऊ लागले.

पुढच्या महिन्यात आजोबांनी तक्त्याखाली पट्टीने आणखी एक ओळ आखून घेतली. ते रात्री कवळी काढून घासायचे आणि स्वतःचा चंद्र स्वतः रंगवायचे.