काजळीखालचं मनगट

"आजीचं घड्याळ सारखं नंबर मांगते," काकूने फोनवर सांगितलं. "हातातच हाय, काढलं नाही, तरी मांगते."

आजी आलापल्लीत राहते. मागच्या पावसाळ्यात ती परसात घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तासभर तिथेच पडून होती. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. त्यानंतर आम्ही नातवंडांनी पैसे जमवून तिच्यासाठी एक स्मार्टवॉच घेतलं. त्यात नाडीचे ठोके वगैरे सगळं होतं, पण आम्हाला हवं होतं ते वेगळंच. माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हलला नाही, तर ते आपणहून ११२ला फोन लावतं आणि घरच्यांना निरोप धाडतं. मी पुण्यात, भाऊ नागपुरात, काकू दिवसभर अंगणवाडीत. अशा घरात या एका सोयीसाठी किती पैसे मोजावेत यावर आमची फारशी चर्चा झाली नाही.

दुरुस्ती केंद्रातल्या मुलाने फोनवर दोन मिनिटांत निकाल दिला. पट्टा घट्ट करा, मागची काच पुसा, नाहीच जमलं तर 'रिस्ट डिटेक्शन' बंद करून टाका. माझ्या ऑफिसातल्या मित्राचंही तेच म्हणणं. बंद केलं की ते नंबर मागणार नाही, हे खरंच आहे. पण काय काय बंद होतं, हे त्या वाक्यात येत नाही. त्याकडे नंतर येतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा घड्याळ देवळीत ठेवलेलं होतं. आजीने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. "मले सारखं काय इचारते हे? मी येथंच त आहो," ती म्हणाली. तक्रार तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होती. घड्याळाला ती तिथे आहे, हेच पटत नव्हतं.

आपण हातावर आहोत हे अशा घड्याळाला कळतं ते मुख्यतः प्रकाशावरून. पाठीमागच्या काचेखाली बारीक दिवे असतात, हिरवे आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त, आणि त्यांच्यापासून काही मिलिमीटरवर प्रकाश टिपणारे डायोड. दिव्याचा प्रकाश कातडीत शिरतो, आत विखुरतो आणि त्यातला थोडा परत येतो. परत येणं हा पहिला पुरावा: समोर काहीतरी चिकटून आहे. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला, नसांत रक्त भरलं की, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. ही चढउतार म्हणजे दुसरा पुरावा: समोर जिवंत कातडी आहे. चढउतार फार लहान असते, परतलेल्या प्रकाशाच्या शंभरात एखाद-दोन भाग, कधी त्याहूनही कमी. या पुराव्यांचा नेमका हिशेब कंपन्या उघड करत नाहीत. पण पुरावा पुरेसा मिळत नाही असं वाटलं, की घड्याळ स्वतःला काढून ठेवलेलं समजतं आणि कुलूप लावतं. पुन्हा हातावर आल्यासारखं वाटलं की चार आकडे मागतं.

आता आजीचं मनगट. तिचं माहेर भामरागडकडचं, माडिया. लग्नाआधी, दहा-बारा वर्षांची असताना, तिचे हात गोंदले गेले. काजळी आणि तेल कालवून, सुया टोचून. ठिपक्यांच्या ओळी, त्यांना छेदणाऱ्या रेषा, मनगटावर तर इतक्या दाट की आता तिथे एक निळसर काळी पट्टीच दिसते. साठ वर्षांत रेषा पसरल्या आहेत. कातडीतल्या ज्या पेशी काजळीचे कण गिळून बसलेल्या असतात त्या मरतात, कण मोकळे होतात आणि शेजारची दुसरी पेशी ते गिळते. त्यामुळे गोंदण जात नाही, पण धार बोथट होते. मधल्या कोऱ्या फटी बुजत जातात.

काजळी म्हणजे कार्बन. तो हिरवा प्रकाश शोषतो, अवरक्तही शोषतो, कुठल्याच रंगाला फारशी सूट देत नाही. आणि तो बसलेला असतो नेमका त्या थरात, जिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवरून घड्याळ नाडी वाचू बघतं. प्रकाश आत जाताना एकदा अडतो, परत येताना पुन्हा अडतो.

ऑफिसातल्या मित्राला वाटत होतं, प्रश्न काळ्या रंगाच्या कातडीचा असावा. शंका रास्त आहे, कारण मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं. पण मेलॅनिन वरच्या पातळ थरात असतं आणि अवरक्त प्रकाशाला ते तुलनेने बरंच मोकळं सोडतं. काजळी सोडत नाही. तरीही अंदाजावर सोडायचं नव्हतं, म्हणून पडताळून पाहिलं. काच ओल्या फडक्याने पुसली (आजी हाताला खोबरेल लावते, त्यामुळे हेही शक्य होतं). घड्याळ काकूच्या मनगटावर बांधलं: तासभर एकदाही नंबर मागितला नाही. म्हणजे यंत्र ठीक. मग आजीच्याच दंडाला, जिथे कातडी तितकीच सावळी पण गोंदण नाही, हाताने दाबून धरलं: नाडी लगेच दिसली, कुलूप नाही. म्हणजे रंग ठीक, वयाने पातळ झालेली कातडीही ठीक. मग मनगटावर: हिरवा दिवा पट्ट्याच्या कडेने बाहेर दिसावा इतका प्रखर झाला, कारण परतणारा प्रकाश कमी पडला की ही घड्याळं दिव्याची ताकद वाढवत नेतात. पाच-सात मिनिटं नाडीच्या जागी नुसत्या रेघा. आजीने पाण्याची कळशी उचलली आणि कुलूप पडलं.

हे 'मधूनच' होण्यामागचं कारणही तिथेच समजलं. पट्टा बोटभर इकडे सरकला की डायोडखाली दोन ठिपक्यांमधली फट येते आणि घड्याळाला माणूस दिसतो. हात वळला की पुन्हा रेषा येते आणि माणूस नाहीसा होतो. घड्याळ पूर्ण आंधळं असतं तर दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. त्याला अधूनमधून दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी पट्ट्यावर संशय घेतला.

काकूला पटावं म्हणून स्वयंपाकघरात एक गंमत केली. घड्याळ पांढऱ्या बशीवर उपडं दाबून ठेवलं, तर ते थोडा वेळ उघडं राहिलं. बशीला ते माणूस समजलं. चुलीवरच्या तव्याच्या बुडावर ठेवलं, तर ताबडतोब कुलूप. आजी म्हणाली, तव्याची आणि तिच्या हातावरची काजळी एकाच घरची आहे.

हा दोष जगाला नवा नाही. २०१५च्या एप्रिलमध्ये ॲपल वॉच बाजारात आलं, आणि काही दिवसांतच मनगटभर गोंदण असलेल्या लोकांनी हेच सांगायला सुरुवात केली: हातावर असूनही कुलूप पडतं, नाडी दिसत नाही. गडद, भरीव गोंदणावर त्रास जास्त. कंपनीने आपल्या मदतपानावर लिहिलं की गोंदणाची शाई, नक्षी आणि तिची गडदता यांमुळे सेन्सरचा प्रकाश अडू शकतो, आणि नाडी नीट मिळत नसेल तर छातीला बांधायचा पट्टा जोडावा. छातीचा पट्टा हृदयाची विद्युत नाडी टिपतो, त्याला प्रकाश लागत नाही, म्हणून व्यायाम करणाऱ्यासाठी सल्ला चांगला आहे. कुलपाला त्याचा उपयोग नाही. आणि बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांची बाई घरकाम करताना छातीला पट्टा बांधून वावरणार नाही.

आता 'रिस्ट डिटेक्शन बंद करा' या सल्ल्याकडे. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे कुलूप असं का वागतं ते मला समजतं. खात्री नसेल तर दोनपैकी एक चूक करावी लागते: हातावर असताना 'नाही' म्हणणं किंवा चोराच्या हातात असताना 'आहे' म्हणणं. घड्याळात पैसे भरायची सोय आणि खाजगी निरोप असतात, म्हणून बनवणारे पहिली चूक पत्करतात. शहरातल्या पगारदाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पडल्यावर फोन लावायची सोयही याच पुराव्यावर बेतलेली असते. घड्याळ टेबलावरून खाली पडलं आणि त्याने ११२ला फोन लावला, असं होऊ नये, म्हणून 'मी हातावर आहे' याची खात्री असेल तरच ते आपणहून फोन लावतं. मनगट ओळखणं बंद केलं की ती खात्री कायमची जाते. आमच्या घड्याळात ते बंद केल्यावर पडण्याच्या सोयीचं बटण मात्र पूर्वीसारखं चालूच दिसत होतं. आपोआप फोन लागणार नाही हे खाली बारीक अक्षरात, दोन पडदे आत. नंबर मागणं थांबलं असतं, घरात सगळे खूश झाले असते, आणि आजी परसात पडली असती तर घड्याळ गप्प बसलं असतं.

तेव्हा जागा बदलणं हाच मार्ग उरला. उजवं मनगटही तसंच गोंदलेलं. मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदण नाही, तिथे दोन दिवस बांधून पाहिलं. नाडी छान आली, पण भांडी घासताना काच दगडी कट्ट्यावर घासायची, आणि हात टेकला की बाजूचं बटण दाबलं जायचं. शेवटी डाव्या हाताचं गोंदण वहीवर उतरवून घेतलं. आजीला या कामाची फार मजा वाटली. कुठली ओळ कुणी टोचली आणि कुठे ती रडली, तेही तिने सांगितलं. मनगटाच्या हाडापासून चार बोटं वर एक नक्षी संपते आणि पुढची सुरू व्हायच्या आधी दीड इंचाची कोरी जागा आहे. सेन्सरची काच तेवढीच. तिथे हात जाड होतो, मूळ पट्टा पुरला नाही, चंद्रपूरहून लांब पट्टा मागवला. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट.

दिवसभराची नोंद पाहिली. मनगटावर असताना दिवसात तीन-चारदाच नाडी मिळाली होती. आता अखंड ओळ आहे, आणि नंबर फक्त सकाळी आंघोळीनंतर बांधताना एकदा विचारला जातो. तो काकू टाकते.

एक मर्यादा उरलीच आहे. या घड्याळात सिम नाही, फोन जवळ असेल तरच ते बोलू शकतं. परसापर्यंत चालतं. मोहफुलं वेचायला आजी रानात जाते तेव्हा फोन सोबत हवा, आणि डेपोच्या पुढे रेंज जाते ती जातेच. काकूने फोनसाठी कमरेला अडकवायची कापडी पिशवी शिवली आहे. आजी ती नेते, त्यात तंबाखूची डबीही ठेवते.