स्वारगेटचा अर्धा ‘स’

पहिलीतला भाचा स्वारगेटला बसची पाटी वाचतो, ‘सवारगेट’. शाळेत जोडाक्षरांची यादी पाठ आहे, बरं का!

जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं कापली. ‘स’चा उभा दंड कात्रीने उडवला, उरलेला स् ‘वा’ला भिडवला. गडी लगेच ‘स्वा’ म्हणाला.

‘पर्वती’ला मात्र अडला. र् उच्चारायचा ‘व’च्या आधी आणि रफार बसतो ‘व’च्याच डोक्यावर, म्हणून पोरगं वाचतं ‘पवर्ती’. मग र् पारदर्शक पट्टीवर काढला. पट्टी आधी प आणि व यांच्यामध्ये धरून म्हणायचं, प-र्-व-ती. नंतर ती उलटायची, मागे रफार काढलेला, आणि ‘व’वर ठेवायची.

काल ‘मार्केट यार्ड’ लिहायला सांगितलं. रफार दिला ‘मा’वर. आज पुन्हा पट्टी.