खोली नसताना पाहुण्याला दुसरीकडे पाठवायचं, तेव्हा

मुंबई विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी ड्यूटी मॅनेजर होतो. जुलैत पाऊस लावून धरतो, विमानं रद्द होतात आणि सकाळी जाणारे पाहुणे आणखी एक रात्र मागतात. भर पावसात त्यांना बाहेर कसं काढणार? त्यात आमच्याकडे खोल्यांपेक्षा बुकिंग जास्तच घेतलेलं असे. अशाच एका दिवशी संध्याकाळी पाचला यादी काढली, तर चार खोल्या कमी.

आधी घरातच शोधलं. एकाच माणसाचं बुकिंग कंपनीकडून आणि एजंटाकडूनही आलेलं निघालं. एसी गळतो म्हणून बंद ठेवलेली खोली मेंटेनन्सवाल्यांनी आठपर्यंत करून दिली. उरल्या दोन.

मग कोणाला पाठवायचं ते ठरवलं. हे पाहुणा काउंटरवर येण्याआधीच ठरलं पाहिजे. नाहीतर जो सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात दमून येतो, तोच बळी जातो. लहान मुलांचं कुटुंब, वयस्कर माणसं, रात्री एकटी येणारी बाई, नेहमीचे पाहुणे यांना मी हात लावत नाही. एका रात्रीपुरता आलेला, एकटा, कामासाठी आलेला माणूस बघतो. तीन रात्रींच्या पाहुण्याला पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी परत आणताना त्याला पुन्हा बॅग भरावी लागते.

सहालाच आसपास फोन लावले. जुहूला समुद्रासमोरची छान खोली मिळत होती. मी नाही म्हटलं. पावसात अंधेरी सबवे भरला की पूर्व-पश्चिम वाट अडते, आणि ज्यांना पाठवायचं होतं त्या नागपूरच्या गृहस्थांची सकाळची मीटिंग अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत होती. मरोळला आमच्याच दर्जाची खोली मिळाली. दर जास्त होता, पण फरक हॉटेलनेच भरायचा असतो. नाव, नाश्ता आणि ‘बिल आमच्याकडे’ हे लिहून मेल केला आणि त्यांच्याकडून उत्तर घेतलं.

गृहस्थ साडेनऊला आले, बूट भिजलेले. काउंटरवर बोललो नाही. बाजूच्या सोफ्यावर बसवलं, टॉवेल आणि चहा मागवला. मग सांगितलं:

“सर, तुमचं बुकिंग पक्कं आहे, पण आज तुम्हाला द्यायला आमच्याकडे खोली नाही. चूक आमची आहे. मरोळला तुमच्या नावाने खोली घेऊन ठेवली आहे, गाडी दारात उभी आहे. तिथला खर्च आमच्याकडे.”

ते चिडले. “मग मी महिन्यापूर्वी बुकिंग कशाला केलं?” अशा वेळी मध्ये बोलू नये, आणि ‘सिस्टीमची चूक’ तर मुळीच म्हणू नये, कोणालाच ते खरं वाटत नाही. त्यांचं बोलून झाल्यावर मी एवढंच म्हणालो, “तुमचा राग बरोबर आहे. सकाळी तुम्हाला एमआयडीसीत किती वाजता पोचायचंय? गाडी आमचीच येईल.” त्यावर त्यांचा आवाज जरा उतरला. “घरी कळवायला फोन करायचा असेल तर आमच्याकडून करा,” हेही सांगितलं. त्यांच्यासाठी कोणाचा फोन आला तर मरोळला जोडून द्या, असं ऑपरेटरला बजावून ठेवलं. ‘या नावाचं इथे कोणी नाही’ असं उत्तर गेलं, तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

घोळ पुढे झाला. सव्वादहाला मरोळहून गृहस्थांचाच फोन: “इथे माझं कार्ड मागतायत.” आमच्या मेलला उत्तर दिलं होतं सेल्सच्या माणसाने. तो सातला घरी गेला, आणि रिसेप्शनवरच्या मुलाला बिलाबद्दल काही माहीत नव्हतं. मी त्या मुलाशी बोलून तोच मेल त्याला पुन्हा पाठवला. सगळं मिटायला दहा मिनिटं लागली, पण त्या माणसाला दुसऱ्यांदा काउंटरवर उभं राहावं लागलं, याची मला फार लाज वाटली. तेव्हापासून गाडी निघायच्या आधी मी त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या माणसाला फोन करतो, त्याचं नाव लिहून घेतो, आणि बिलाच्या पत्राची एक प्रत पाहुण्याच्या हातात देतो. पाहुणा परदेशी असेल, तर तो झोपणार त्या हॉटेलने त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवायची असते, तेही बोलून घेतो.

दुसऱ्या खोलीचा प्रश्न आपोआप सुटला. तो पाहुणा आलाच नाही.

सकाळी साडेसातला मी मरोळला फोन केला. “सर, झोप लागली का? गाडी आठ वाजता खाली असेल.” ते म्हणाले, “गाडी वेळेवर येऊ दे, बाकी नंतर बघू.” गाडी आठला पाच कमी असताना पोचली. खर्च, वेळा आणि त्यांची कार्डाची तक्रार लॉगबुकात लिहून मी सकाळच्या मॅनेजरला सही करायला लावली. पुढच्या वेळी ते आले की त्यांना पुन्हा दुसरीकडे पाठवायचं नाही, हेही त्यांच्या नावापुढे नोंदवून ठेवलं. एवढी नोंद तुम्हीही ठेवा. त्याच माणसाला दुसऱ्यांदा पाठवलं, तर सांगण्यासारखं काहीही उरत नाही.