मामांसाठी सात ओळी

मामांचा वाढदिवस १ जुलैला असतो. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ही लिहून टाकली. मामा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत. आता स्मृतिभ्रंश आहे, आणि माझा चेहरा त्यांना कधी ओळखीचा वाटतो, कधी नाही. म्हणून त्यांचं भेटकार्ड मी स्वतः लिहितो. पांढरा जाड कागद, ठसठशीत काळी अक्षरं, नक्षी नाही.

पहिल्या ओळीत मी कोण ते सांगून टाकतो. “ओळखलं का?” हा प्रश्न कार्डात नको नि तोंडीही नको, उत्तर आलं नाही की माणूस ओशाळतो. यंदा लिहिलं ते असं:

“मामा, नमस्कार.
मी तुमच्या बहिणीचा मुलगा.
आज तुमचा वाढदिवस.
तुम्ही वडसाला ऑर्गन वाजवायचे.
नाटक पहाटेपर्यंत चालायचं.
घरी खीर केली आहे.
मी दुपारपर्यंत इथंच आहे.”

बहिणीचा उल्लेख केला तो आई हयात आहे म्हणून. ती नसती, तर मामांनी “ती का नाही आली?” विचारलं असतं, आणि तिच्या जाण्याची बातमी त्यांना दरवेळी नवीच लागली असती. मग मी गावाच्या नावाने ओळख दिली असती. वयाचा आकडा गाळला, कारण काही दिवस मामा तिशीतले असतात. जिल्हाही लिहिला नाही. गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला, पण त्यांचं गाव अजून चांदा जिल्ह्यातच आहे. त्यावरून वाद कशाला घालायचा?

वाचायचं ते सकाळी, चहा झाल्यावर. संध्याकाळी ते अस्वस्थ होतात, चपला शोधू लागतात. नाटकाला निघायची वेळ तीच. एक ओळ वाचून मी थांबतो. उत्तर यायला वेळ लागतो आणि मधेच पुढचं वाक्य घुसलं की आधीचंही हातून जातं. ऑर्गनच्या ओळीला त्यांच्या दोन्ही हातांची बोटं खाटेच्या पाटीवर चालू लागली, पाय खालीवर, भाता दाबल्यासारखे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तबला आणला का रे?”

मी त्यांचा तबलजी नाही, हे सांगायची तिथे गरज नव्हती. “आज नाही आणला,” एवढंच म्हणालो. खोटंही नव्हतं ते. थेट “तू कोण?” विचारलं असतं, तर नाव सांगितलं असतं. तबलजी म्हणून का होईना, शुभेच्छा पोचल्या असं मी धरतो.

कार्ड मामी उशाशी ठेवतात. कधीही वाचलं तरी मामांना नवंच असतं, नि तेवढा वेळ ते खुशीत असतात. अडचण फक्त खिरीची. ती त्याच दिवशी संपली, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ ऐकून मामा वाटी मागायला लागले. मामींनी पेनाने ओळ खोडली. पुढच्या वर्षी खाण्याचं काही लिहायचं नाही, ते तोंडीच सांगायचं.